पेटी फोडण्याआधी

दिवाळीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस गिफ्टच्या दुकानात माल कसा उतरतो, ते एकदा बाहेर उभं राहून बघावं. टेम्पो अर्धा रस्त्यात, मागून हॉर्न, हमाल दोन-दोन पेट्या खांद्यावर घेऊन आत-बाहेर करताहेत, काउंटरला गिऱ्हाईक खोळंबलेलं. दुकानातला पोरगा पेट्या मोजतो, बिलाशी आकडा जुळला की बिल्टीवर सही ठोकतो आणि टेम्पो निघून जातो. ब्रँडचं नाव लावलेला नकली माल दुकानात शिरतो, तो बहुतेक वेळा याच पाच मिनिटांत.

तो उघडकीला येतो मात्र फार उशिरा. कुणीतरी भाच्याला भेट दिलेला ब्लूटूथ स्पीकर महिन्याभरात बंद पडतो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ‘हा आमचा माल नाही’ असं उत्तर मिळतं, आणि गिऱ्हाईक रागाने दुकानात येतं. तोवर त्या पेटीचा पुठ्ठा भंगारात गेलेला असतो. तोच मॉडेल दोन होलसेलवाल्यांकडून घेतलेला असतो आणि दोघांचा माल एकाच फळीवर एकत्र लागलेला असतो. हा पीस नेमका कुणाकडचा, हे आता मालकालाच सांगता येत नाही. होलसेलवाला तर सरळ म्हणतो, ‘शेठ, माझ्याकडचा कशावरून?’

या प्रश्नाला उत्तर देता यावं, म्हणून आलेल्या पेट्यांचे फोटो काढायचे. शक्य झालं तर तो प्रश्न येण्याआधीच नकली माल बाजूला काढायचा. त्यासाठी लागतो एक बरा मोबाइल, एक वजनकाटा, सोनाराकडे असतं तसं छोटं भिंग आणि पेटीमागे सात-आठ मिनिटं. फोटो नुसते पुष्कळ काढून उपयोग नाही, ते क्रमाने काढावे लागतात. बंद पेटीपासून आतल्या एका नगापर्यंतची साखळी मध्ये कुठेही तुटली, तर ‘पेटीत नंतर तुम्हीच दुसरा माल घातला’ असं म्हणायला समोरचा मोकळा असतो.

या लेखात एकच उदाहरण धरून चालू. नाशिकचं एक गिफ्ट शॉप आहे. मुंबईच्या एका होलसेलवाल्याकडून त्याने पहिल्यांदाच माल मागवला आहे: एका नावाजलेल्या ब्रँडचे शंभर ब्लूटूथ स्पीकर, वीस-वीस नगांच्या पाच पेट्यांत. नेहमीचा वितरक नगाला १,४०० रुपये लावतो, हा १,१५० ला देतोय. बिल १,१५,००० चं, वर अठरा टक्के जीएसटी, एकूण १,३५,७००. दुकान आणि आकडे कल्पनेतले आहेत, पण या पेट्यांत जे सापडणार आहे ते या धंद्यात नेहमी सापडणारं आहे.

भाव कमी आहे एवढ्यावरून माल नकली ठरत नाही. सीझनच्या आधी स्टॉक मोकळा करणारेही स्वस्तात देतात. पण नवा माणूस आणि उतरलेला भाव या दोन गोष्टी एकत्र आल्या, की त्या मालाचे फोटो पूर्ण काढायचे, घाई असली तरी. नेहमीच्या अधिकृत वितरकाकडून आलेल्या पेट्यांना बाहेरचे फोटो आणि एका नगाची तपासणी पुरते. सगळ्या मालाला सारखीच कडक तपासणी लावली, तर आठवड्याभरात कर्मचारी ती मनातून सोडून देतात आणि मग नावापुरते फोटो निघत राहतात.

पहिला फोटो कागदांचा. बिल, बिल्टी आणि ई-वे बिल शेजारी-शेजारी ठेवायचे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर माल निघाला तर ई-वे बिल लागतं, म्हणजे आपल्या उदाहरणात ते असायलाच हवं. त्यावरचा गाडीचा नंबर आणि दारात उभ्या टेम्पोचा नंबर एकच आहे का, हे बघायला दहा सेकंद लागतात. बिल देणाऱ्याचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होत असेल तर त्याची नोंदणी महाराष्ट्रातली. मुंबईचा पत्ता आणि सुरुवातीला दुसऱ्याच राज्याचा आकडा असेल, तर पुढचं सगळं जरा सावकाश करायचं. बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव आहे की नुसतं ‘स्पीकर १०० नग’ एवढंच, हेही याच फोटोत दिसतं. मोघम बिल नंतर कुणाच्याच उपयोगाचं नसतं, आणि काही जण ते मुद्दामच मोघम देतात.

मग पेट्या. गोडाऊनच्या आत नेण्याआधी, दाराजवळ उजेडात, एकेक पेटी जमिनीवर ठेवायची. एका कागदी चिठ्ठीवर जाड पेनाने तारीख, बिलाचा नंबर आणि ‘पेटी ४/५’ असं लिहायचं आणि ती चिठ्ठी त्या पेटीच्या प्रत्येक फोटोत दिसेल अशी ठेवायची. पेटीवर मार्करने काहीही लिहायचं नाही, निदान हे फोटो होईपर्यंत. पेटीला सहा बाजू असतात आणि सहाही बाजूंचे फोटो हवेत. तळाचा फोटो हटकून राहतो, कारण पेटी उलटी करायचा कंटाळा येतो. पण कारखान्यातून सीलबंद आलेली पेटी कुणाला फोडायची असेल, तर तो ती खालूनच फोडतो.

टेपकडे नीट बघायचं. कारखान्यात मशीनने लावलेली टेप सरळ असते, दोन्ही टोकांना सारख्याच लांबीने खाली दुमडलेली असते. हाताने लावलेली टेप तिरकी जाते, तिला सुरकुत्या पडतात. आधीची टेप ओढून काढलेली असेल तर पुठ्ठ्याचा वरचा थर तिच्याबरोबर सोलला जातो, आणि नव्या तपकिरी टेपच्या कडेने तो खरबरीत पट्टा दिसतो. आपल्या पाच पेट्यांपैकी पहिल्या तिघींवर ब्रँडचं नाव छापलेली टेप आहे. चौथ्या आणि पाचव्या पेटीवर साधी टेप आहे आणि तिच्याखाली सोललेला पुठ्ठा. एवढ्यावरून लगेच आरडाओरडा करायचा नाही. होलसेलवाला स्वतःच माल मोजायला पेटी उघडतो आणि पुन्हा चिकटवतो, असं रोज होतं. पण बिल्टीवर सही करताना शेजारी ‘पेटी ४ व ५, टेप पुन्हा लावलेली’ एवढं लिहायचं. टेम्पोवाला कुरकुरेल. कुरकुरू दे.

आता लेबल. पेटीच्या बाजूला चिकटवलेलं पांढरं लेबल हे या सगळ्या फोटोंतलं सर्वांत बोलकं पान असतं. त्याचे दोन फोटो हवेत. एक लांबून, म्हणजे लेबल कोणत्या पेटीवर कुठे आहे ते कळेल. दुसरा जवळून, लेबलने चौकट भरून टाकेल असा. नुसता जवळचा फोटो असला की तो याच पेटीचा आहे हे सिद्ध होत नाही. मोबाइल लेबलला समांतर धरायचा, फ्लॅश बंद ठेवायचा. पेटीवर प्लॅस्टिकची फिल्म असेल तर ट्यूबलाइटचा पांढरा डाग बरोबर बारकोडवर पडतो, म्हणून एक पाऊल बाजूला सरकून पुन्हा काढायचा. फोटो काढल्यावर तिथल्या तिथे बोटांनी मोठा करून सगळ्यात बारीक अक्षर वाचता येतं का ते बघायचं. नाही आलं तर तो फोटो झालाच नाही असं समजायचं. कॅमेऱ्याचा ‘डॉक्युमेंट स्कॅन’ मोड वापरायचा नाही. तो कडा कापतो, रंग बदलतो, आणि नंतर मूळ चित्र काय होतं हे कुणालाच कळत नाही.

या लेबलवर आकड्यांची एक गंमत असते. नगाच्या खोक्यावर तेरा आकडी बारकोड असतो. जीएस-१ ही बारकोडची संस्था भारतात नोंदलेल्या कंपन्यांना ८९० ने सुरू होणारे नंबर देते. म्हणून ८९० दिसलं की माल भारतात बनलाय असं बरेच जण धरून चालतात. ते चूक आहे. नंबर भारतीय कंपनीने घेतलाय, एवढंच त्यातून कळतं. मोठ्या पेटीवर बऱ्याचदा चौदा आकडी बारकोड असतो, आणि तो नगाच्या नंबरावरूनच तयार होतो. नगाच्या नंबरातला शेवटचा आकडा काढायचा, उरलेल्या बारा आकड्यांच्या पुढे एक आकडा लावायचा आणि शेवटी नवा तपासणीचा आकडा बसवायचा. नगावर ८९०१२३४५६७८९० असेल, तर पेटीवर १८९०१२३४५६७८९७ असू शकतं. मधले बारा आकडे तेच आहेत, दोन्ही टोकं बदललीत. कर्मचाऱ्याला गणित करायची गरज नाही. दोन फोटो शेजारी ठेवून मधले बारा आकडे जुळतात का, एवढंच बघायचं. काही कंपन्या पेटीवर हा नंबर लावतच नाहीत, स्वतःचा वेगळा कोड लावतात. त्यामुळे तो नसणं हा दोष नाही. पण असून जुळत नसेल, तर ती पेटी त्या मालाची नाही.

तरी या तपासणीवर फार विसंबू नये. खऱ्या पेटीचं लेबल समोर ठेवून जसंच्या तसं छापणाऱ्याचे सगळे आकडे बरोबरच येणार. आपल्या उदाहरणात पाचही पेट्यांचे बारकोड जुळतात. पकड बसते ती वेगळ्याच ठिकाणी. लेबलवर खाली पेटीचा स्वतःचा क्रमांक छापलेला असतो, दर पेटीला वेगळा. फोटो काढणाऱ्या पोराने चौथ्या पेटीचं लेबल मोठं करून बघितलं, मग सहज मागे जाऊन पहिल्या पेटीचं बघितलं. दोन्हींवर क्रमांक एकच. पाचवीवरही तोच. नक्कल करणाऱ्याने एका खऱ्या पेटीचं लेबल उचललं आणि त्याच्या प्रती काढल्या. डोळ्यांसमोर एकेक पेटी येते तेव्हा हे लक्षात येत नाही, कारण लेबल दिसायला निर्दोष असतं. पाच लेबलांचे फोटो एका स्क्रीनवर आले की लगेच दिसतं. नकली माल पकडण्यात मोबाइलचा खरा फायदा आहे तो हा.

पेटी अजून उघडलेली नाही, ती आता काट्यावर ठेवायची. काट्याचा आकडा, पेटीचं लेबल आणि चिठ्ठी, तिन्ही एकाच फोटोत यायला हवीत. लेबलवर एकूण वजन ९.२ किलो छापलंय. पहिल्या तीन पेट्या ९.२ च्या आसपास भरतात, चौथी ७.९, पाचवी ८.०. चौथीत १.३ किलोची तूट आहे. वीस नगांत वाटली तर नगामागे ६५ ग्रॅम. एवढ्या छोट्या स्पीकरमध्ये ६५ ग्रॅम म्हणजे बॅटरी लहान आहे किंवा लोहचुंबक हलका आहे, असा पहिला संशय येतो. वजन बरोबर भरलं म्हणून माल खरा असं मात्र उलटून म्हणता येत नाही, कारण हलक्या नगात नुसतं वजन वाढवायला लोखंडाचा तुकडा टाकणारेही असतात. पावसाळ्यात ओलावा धरलेला पुठ्ठाही थोडं वजन वाढवतो. म्हणून छापील आकड्याशी तुलना करावीच, पण एकाच खेपेतल्या पेट्यांची आपापसात तुलना जास्त भरवशाची.

पेटी उघडताना फोटोंऐवजी न थांबवता व्हिडिओ घ्यायचा. सुरुवात बंद पेटी आणि चिठ्ठी दाखवून करायची, मग ब्लेड, मग वरचा थर, मग एकेक थर काढत तळापर्यंत. दोन माणसं लागतात, एक उघडायला आणि एक मोबाइल धरायला. दुकानात दोघे मोकळे नसतील तर पेटी तशीच ठेवायची, दुपारी उघडायची. तपासणीसाठी नग घ्यायचा तो तळातून. वरचा थर खरा आणि खाली भरताड, ही युक्ती फळांच्या पेटीइतकीच जुनी आहे, आणि पहिला हाताला लागलेला नग बघून पेटी पास करणारे लोक तिला आयते सापडतात.

या मालावर सिरियल नंबर असेल तर सगळ्या वीस नगांचे सिरियल फोटोत यायला हवेत. खोकी आडवी लावून नंबरांची बाजू वर केली की पाच-पाचचे चार फोटो पुरतात. चौथ्या पेटीत वीस खोक्यांवर मिळून चारच वेगळे नंबर निघाले, प्रत्येक नंबर पाचदा. सिरियल नंबर हा एका नगाचा असतो, तो दुसऱ्यांदा येऊच शकत नाही. टेप, वजन, छपाई यांना काहीतरी सबब देता येते. या गोष्टीला सबब नाही.

जिथे सिरियल नसतात, म्हणजे पेन, परफ्यूम, किचेन असल्या मालात, तिथे छपाईकडे जावं लागतं आणि भिंग बाहेर काढावं लागतं. ब्रँडचा ठरावीक लाल किंवा निळा रंग खऱ्या खोक्यावर बऱ्याचदा त्याच रंगाची खास शाई वापरून छापलेला असतो. भिंगाखाली तो सपाट, एकसारखा दिसतो. नक्कल करणारा खरं खोकं स्कॅन करून चार रंगांच्या नेहमीच्या छपाईने छापतो. मग तोच लाल रंग भिंगाखाली गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांचा बनलेला दिसतो. बारीक अक्षरांच्या कडा ठिपक्यांनी दातेरी होतात, आणि ‘e’ किंवा ‘a’ ची पोटं शाईने भरून जातात. मोबाइलची लेन्स भिंगाला टेकवली की हा फोटोही निघतो. त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा शेजारी खऱ्या खोक्याचा तसाच फोटो असेल. कारण काही ब्रँड स्वतःच चार रंगांत छापतात, आणि मग ठिपके दिसले तरी त्याचा अर्थ काहीच नाही.

यासाठी दुकानात अस्सल मालाची एक वेगळी फाइल लागते. अधिकृत वितरकाकडून आलेल्या प्रत्येक मॉडेलच्या एका पेटीचे आणि एका नगाचे, याच क्रमाने, याच जागी, याच उजेडात काढलेले फोटो. फोटोत एक पांढरा कोरा कागद ठेवायचा, म्हणजे उजेडामुळे रंग किती पिवळा झालाय ते कळतं. तरीही फक्त फोटोतल्या रंगावरून माल नाकारू नये. सकाळी काढलेला आणि रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला, एकाच खोक्याचे दोन फोटो शेजारी ठेवून बघा, दुसरं खोकं नकली वाटेल.

खोक्यावरचे सरकारी उल्लेख वेगळ्या फोटोत घ्यायचे. पॅकबंद मालासाठीच्या २०११ च्या वजनमाप नियमांनुसार उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, मालाचं नाव, नग किंवा वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे खोक्यावर असावंच लागतं. आयात माल असेल तर कोणत्या देशात बनला तेही. परदेशी मालावर हा मजकूर बहुधा आयातदाराने स्टिकरवर छापून चिकटवलेला असतो, त्यामुळे स्टिकर दिसला की नकली असं समजू नये. नवी मुलं ही चूक नेहमी करतात आणि चांगला माल अडकवून ठेवतात. स्टिकरवरचा आयातदार आणि आपल्या माहितीतला अधिकृत आयातदार वेगळे असतील, तर तो माल बाहेरच्या देशातून दुसऱ्या कुणी आणलेला खरा मालही असू शकतो. अशा मालाला कंपनी इथे वॉरंटी देईल की नाही हा वेगळा प्रश्न आहे, पण त्याला नकली म्हणता येत नाही.

ब्लूटूथ स्पीकरवर भारतीय मानक ब्यूरोचा, ‘R-’ ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी कोणत्या कारखान्याची, कोणत्या वस्तूची ते दिसतं. त्या स्क्रीनचा फोटोही याच फाइलमध्ये ठेवायचा. आळशी नक्कलवाल्याने चार्जरचा नंबर स्पीकरवर छापलेला असतो, तो इथे सापडतो. हुशार नक्कलवाला खऱ्याच स्पीकरचा नंबर छापतो, तो इथे सापडत नाही. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालंय. तिथे चिन्हाच्या खाली ‘CM/L-’ ने सुरू होणारा परवाना क्रमांक बघायचा, तोही त्याच ॲपमध्ये तपासता येतो. चॉकलेटच्या डब्यांवर चौदा आकडी अन्न परवाना. क्रम तोच, फक्त चिन्हं बदलतात.

भिंतीवर लावायचा कागद मी असा लिहीन. याहून मोठा केला तर कुणी वाचत नाही:

बिल, बिल्टी, ई-वे बिल – एक फोटो. गाडी नंबर जुळव.
चिठ्ठी लिही. ती प्रत्येक फोटोत दिसू दे.
सहा बाजू. तळ विसरू नको.
लेबल लांबून, लेबल जवळून. मोठं करून वाच.
सगळ्या पेट्यांची लेबलं एकत्र बघ. क्रमांक दोनदा आला का?
काट्यावर फोटो.
उघडताना व्हिडिओ, थांबवायचा नाही. नग तळातला.
सिरियल सगळे. नसतील तर भिंग.
काही खटकलं तर माल फळीवर लावू नको, शेठना किंवा ताईंना फोन.

यातल्या शेवटच्या ओळीवर मालकाने स्वतः ठाम राहायला हवं. सीझनमध्ये माल अडवला म्हणून पोराला बोलणी खावी लागली, तर पुढच्या वेळी त्याला काही खटकणार नाही.

हे फोटो सहसा दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले जातात आणि तिथेच संपतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो, आणि कधी, कोणत्या मोबाइलने काढला ही आतली नोंद निघून जाते. ग्रुपवर कळवायला हरकत नाही, पण मूळ फाइल मोबाइलमधून थेट कॉम्प्युटरवर किंवा ड्राइव्हवर जायला हवी. पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. फाइलचं नाव `20251003_B2417_P4_05.jpg` असं साधं ठेवलं, म्हणजे तारीख, बिल, पेटी, फोटोचा क्रम, तर वर्षाने शोधतानाही सापडते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मोबाइलमधला फोटो कोर्टात द्यायचा तर सोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलची ओळख पटवणारा हॅश आकडाही द्यावा लागतो. तो आकडा वकिलाच्या ऑफिसात काढता येतो, पण मूळ फाइलच नसेल तर काढणार कशाचा? फोटोवर बाण काढायचे, गोल करायचे असतील तर प्रतीवर करावेत.

आता नाशिकच्या दुकानात काय करायचं? होलसेलवाल्याला फोन केला तर तो बहुधा म्हणेल, ‘चुकून आलं असेल, दोन पेट्या परत पाठवा, बदलून देतो.’ बहुतेक दुकानदार तेवढ्यावर खूश होतात. मला ते बरोबर वाटत नाही. पेट्या गेल्या की पुरावा गेला, आणि तोच माल आठवड्यात मालेगावच्या नाहीतर धुळ्याच्या एखाद्या फळीवर लागतो. शिवाय उरलेल्या तीन पेट्या खऱ्या आहेत हे कुणी सांगितलं? त्यांचं लेबल, वजन, सिरियल ठीक आहे, एवढंच आपल्याला माहीत आहे.

मालविक्रीचा १९३० चा कायदा इथे दुकानदाराच्या बाजूने आहे. कलम ४१ माल तपासून बघण्याचा हक्क देतं. कलम ४२ सांगतं की नाकारतोय असं न कळवता वाजवी वेळेपलीकडे माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून त्याच दिवशी लेखी कळवणं महत्त्वाचं. आणि कलम ४३ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, नाकारलेला माल परत पोचवायची जबाबदारी घेणाऱ्यावर नसते, नाकारतोय हे कळवणं पुरतं. तेव्हा ईमेलने किंवा निदान व्हॉट्सॲपवर, ‘बिल नंबर अमुक, पेटी ४ व ५ मध्ये सिरियल नंबर पुन्हा पुन्हा आले आहेत, वजन कमी आहे, या दोन पेट्या नाकारत आहे, उरलेल्या तीन कंपनीकडून खात्री होईपर्यंत विक्रीला काढणार नाही’ एवढं लिहावं. ‘तुम्ही नकली माल विकता’ असं लिहू नये. नकली आहे हे ठरवणं कंपनीचं काम आहे, आपण जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगावं. त्याच संध्याकाळी तेच फोटो कंपनीच्या अधिकृत ग्राहक संपर्कावर पाठवावेत, बिलाच्या प्रतीसह. पेट्या टेपने बंद करून, टेपवर सही-तारीख टाकून, विक्रीच्या मालापासून लांब ठेवाव्यात.

हे लांब ठेवणं नुसत्या टापटिपीसाठी नाही. ट्रेड मार्क कायदा, १९९९ च्या कलम १०४ प्रमाणे खोटा ट्रेड मार्क लावलेला माल विकणं हा गुन्हा आहेच, पण तो विक्रीसाठी जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. त्याच कलमात दुकानदाराला बचावाची वाटही आहे. आपण सगळी वाजवी खबरदारी घेतली होती आणि संशय यायला कारण नव्हतं, माल कुणाकडून घेतला याची सगळी माहिती दिली, असं त्याला दाखवता आलं पाहिजे. तारखेसह, क्रमाने काढलेले फोटो आणि त्याच दिवशीचं पत्र ही या खबरदारीची नोंद आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. ज्या दुकानाच्या फाइलमध्ये पुन्हा पुन्हा आलेल्या सिरियलचा फोटो आहे आणि तरी तो माल विकला गेला, त्याला ‘मला संशय आला नव्हता’ असं म्हणता येणार नाही. फोटो काढायचे ठरवलं, तर ते त्याच दिवशी कुणीतरी बघायलाही हवेत.

फाइल किती दिवस ठेवायची? निदान मालाची वॉरंटी संपेपर्यंत. व्यवहाराचा दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं असते, म्हणून तीन वर्षं ठेवली तर उत्तम. अस्सल नमुन्यांची फाइल मात्र वरचेवर बदलावी लागते, कारण ब्रँड खोक्याचं डिझाइन, टेप, लेबलची जागा कधीही बदलतात. नव्या खोक्यातला माल आला की जुने फोटो पुसून टाकायचे नाहीत. जुन्या डिझाइनचा खरा माल वितरकाच्या गोडाऊनमधून पुढे सहा-आठ महिने निघतच राहतो. प्रत्येक नमुन्याशेजारी खोक्यावरचा उत्पादनाचा महिना लिहून ठेवला, की जूनमध्ये बनलेल्या मालाची तुलना जूनच्याच नमुन्याशी होते, आणि नव्या डिझाइनमुळे खरी पेटी नाहक अडकून पडत नाही.